नातीच्या भेटीत चिठ्ठी ठेवताना

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी एक वही घेऊन आल्या. पुण्याच्या नातीला बारावं वर्ष लागून संपत आलंय, तिला चादर पाठवायची आहे आणि आत चार ओळींची चिठ्ठी घालायची आहे. वहीत साडेतीन पानं लिहून झाली होती. मायना होता ‘चि. सौ. कां.’. मी म्हटलं, वहिनी, पोरीचं लग्न ठरलं की काय? चि. सौ. कां. म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, ते लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाआधी घालतात. त्या हसल्या आणि वही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा कसं लिहायचं.

मी काही लेखिका नाही. तीन नातींना मिळून आजवर सात-आठ चिठ्ठ्या लिहिल्या आहेत, त्यातल्या दोन वाया गेल्या. वहिनींना जे सांगितलं तेच इथे लिहिते. ज्यांनी मुलांना फोनवरूनच आशीर्वाद दिलेत, कागदावर कधी नाही, त्या आज्यांसाठी.

आधी काय लिहायचं ते ठरवा

पेन हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: आपण बारा वर्षांच्या होतो तेव्हाचा एक प्रसंग. एकच. आणि शक्यतो त्यात आपण शहाण्यासारखं वागलेल्या नसाव्यात. बारा वर्षांची मुलगी सकाळपासून रात्रीपर्यंत शहाणपण ऐकतच असते, शाळेत, क्लासला, आईकडून. आजीने कधी खोटं बोललं होतं, कधी मार खाल्ला होता, हे मात्र तिला दुसरं कुणी सांगणार नाही.

प्रसंग आठवत नसेल तर वस्तूवरून आठवा. मी वहिनींना विचारलं, तुम्ही सातवीत असताना दप्तर कसलं होतं? त्या लगेच सांगायला लागल्या. दप्तर नव्हतंच, वडिलांच्या मिलमधल्या कापडाची पिशवी होती, आणि दुपारी तीच रिकामी करून त्यात वडिलांचा डबा घालून मिलच्या दारात न्यायचा. भोंगा व्हायच्या आत पोचलं नाही तर डबा तसाच परत आणायचा. एकदा वाटेत मैत्रिणीबरोबर चिंचा पाडत बसल्या आणि भोंगा झाला. मग डबा काय केलात? दोघींनी बसून खाल्ला, म्हणाल्या. झालं, ही त्यांची चिठ्ठी. साडेतीन पानांत हे कुठेच नव्हतं. तिथे होतं, मोठ्यांचा मान राखावा.

माझा पहिला मसुदा, आणि तो का फाडला

हे नीट कळायला माझंच उदाहरण घेते. धाकटी नात मागच्या वर्षी बारा वर्षांची झाली. घरात तिला मनू म्हणतो. मी पहिल्या बैठकीत लिहिलं ते असं:

‘प्रिय मनू, आज तुझ्या आयुष्याचे एक तप पूर्ण झाले. आता तू मोठी झालीस. अभ्यासात लक्ष दे, मोबाईल कमी बघ, आईला कामात मदत कर. तू खूप हुशार आहेस, खूप मोठी हो. तुझ्या सर्व इच्छा पूर्ण होवोत.’

वाचायला वाईट नाही. पण ‘एक तप’ हे तिला कळणार नाही. बारा वर्षांचं एक तप हे आपल्या कानाला सवयीचं आहे, तिला तप म्हणजे जटावाले ऋषी. शब्द छानच आहे, समोर बसवून सांगावा, चिठ्ठीत पहिल्याच ओळीला अडथळा कशाला?

‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य त्याहून वाईट. आपण सहज लिहितो, पण या वयाच्या मुलीला त्यात पाळीचा इशारा दिसतो. चिठ्ठी भेटवस्तूत असते, भेटवस्तू चारचौघांत उघडली जाते, आणि कुणी काकाने हौसेने ती मोठ्याने वाचायला घेतली तर पोर मान वर करणार नाही. तो विषय बोलायचा असेल तर जवळ बसून बोलावा. कागदावर नको.

अभ्यास, मोबाईल, आईला मदत, ही तीन वाक्यं तर आईची आहेत. आजीच्या सहीने आईचं बोलणं पाठवलं की मुलगी ओळखते. तिला वाटतं, आईनेच आजीला सांगून लिहून घेतलं. पुढची चिठ्ठी ती उघडेलच असं नाही.

‘खूप हुशार आहेस’ यात खोटं काही नाही, पण कशात हुशार ते लिहिलेलं नाही. कौतुक करायचंच असेल तर आपण डोळ्यांनी पाहिलेलं लिहा: दिवाळीत तू धाकट्याचा फटाका विझेपर्यंत त्याचा हात धरून ठेवलास. असं काही आठवत नसेल तर कौतुक सोडून द्या.

आणि ‘सर्व इच्छा पूर्ण होवोत’ हे कुठल्याही भेटकार्डावर छापून मिळतं.

मसुदा फाडल्यावर हातात काय उरलं तर फक्त मायना. म्हणून मी प्रसंगापासून सुरू केलं.

मायन्याबद्दल थोडं

आपल्या पिढीने शाळेत पत्रलेखन घोटलेलं आहे, तरी इथे घोटाळे होतात. लहानांना ‘चि.’ लिहायचं. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ते मोठ्यांना. नातीला लिहिलं तर आजीच नातीच्या पाया पडते असं होईल. लहानांसाठी ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. पूर्वी त्याचंही ‘अ. उ. आ.’ करायचे, पण नातीला ती तीन अक्षरं इंग्रजीतल्या लघुरूपासारखी वाटतील, पूर्ण लिहा. ‘कळावे, लोभ असावा’ बरोबरीच्यांना ठीक आहे, इथे शोभत नाही. ‘तुझी आजी’ पुरे.

नाव कोणतं घालायचं हा खरा प्रश्न. घरातलं लाडाचं नाव बारा वर्षांच्या मुलींना मैत्रिणींसमोर नको असतं. थोरल्या नातीने मला एकदा फोनवर स्पष्ट सांगितलं, आजी, मला सगळ्यांसमोर छकुली म्हणू नकोस. तेव्हापासून मी बाहेरच्या घडीवर शाळेतलं नाव लिहिते आणि आत घरचं. बाहेरचं सगळ्यांसाठी, आतलं तिच्यासाठी.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी तेलुगू बोलतात, नात मराठी शाळेत. ती विचारायची, लिहू कशात? तेलुगू लिपी नातीला येत नाही, आणि मराठीत लिहिलं तर ती ‘आजी’ कोण हे तिला परकं वाटेल. आम्ही ठरवलं, चिठ्ठी मराठीत, पण सही ‘तुझी अम्मम्मा’ अशी देवनागरीत, आणि मधली एक ओळ जशी ती घरात बोलते तशीच तेलुगूत, देवनागरी अक्षरांत. पोरीने नेमकी तीच ओळ मोठ्याने वाचून दाखवली म्हणे. कन्नड घरांतही असंच करता येईल.

अक्षर

आपलं अक्षर आपल्याला सुंदर वाटतं. नातीला ते वाचता येत नाही, आणि ती तसं सांगतही नाही. कारण आपण लिहितो लपेटीने: अख्ख्या ओळीवर एकच शिरोरेषा ओढतो, त्यामुळे शब्द कुठे संपला ते दिसत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलीला छापील मराठी वाचायची सवय असते, तिला दोन शब्दांमधली मोकळी जागा लागते. म्हणून प्रत्येक शब्दानंतर पेन उचला. शिरोरेषा शब्दापुरतीच द्या. एवढं एक केलंत तरी निम्मं काम झालं.

दुसरं, ज्यांचं शिक्षण जुन्या पद्धतीने झालं त्या ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मुळें’ असे अनुस्वार देतात. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. चूक म्हणून नाही सांगत, माझी आई शेवटपर्यंत तसंच लिहायची. पण नात ते नाकात वाचायला जाते आणि अडखळते.

कोरा कागद असेल तर खाली जाड रेघांचा कागद ठेवा, वरून रेघा दिसतात आणि ओळ घसरत नाही. वहीचं अर्धं पान पुरतं, एका बाजूलाच लिहायचं. सकाळच्या उजेडात लिहा. हात थरथरत असेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायला हरकत नाही, फक्त ते नातीच्या आईकडून नको. शेवटची ओळ आणि सही मात्र स्वतःच्या हाताने, कितीही वाकडी आली तरी.

बॉलपेनच वापरा. शाईचं पेन मला आवडतं, पण कपड्यांच्या घडीत, त्यातून पावसाळ्यात, शाई ओल धरते आणि पसरते. कुंकवाचं बोट लावायचं असेल तर वरच्या कोपऱ्यात अगदी बारीक लावा आणि वाळू द्या, नाहीतर घडी घातल्यावर समोरच्या ओळींवर उमटतं.

शेवटी काय लिहिलं

प्रसंग होता गड्ड्याच्या यात्रेचा. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते: सिद्धेश्वराची यात्रा जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, संक्रांतीला होम, आणि पुढे बरेच दिवस होम मैदानावर पाळणे, खेळणी, बांगड्यांची दुकानं. नातीने यात्रा पाहिलेली आहे, त्यामुळे चिठ्ठीत यातलं काही समजावलं नाही. ती पुण्यात राहते, पण लहानपणी दोन संक्रांती इथे होती. जे तिला माहीत आहे त्यावर ओळी घालवायच्या नाहीत.

‘॥ श्री ॥
सोलापूर

चि. मनू हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सातवीत होते तेव्हा गड्ड्याला गेले. आईने बांगड्यांसाठी आठ आणे दिले होते. मी बांगड्या घेतल्या नाहीत, सगळे पैसे पाळण्यात बसण्यात घालवले. घरी येऊन सांगितलं, बांगड्या भरल्या होत्या पण गर्दीत फुटल्या. आईने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. साधा ओरखडाही नव्हता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हातातल्या दोन बांगड्या साबण लावून काढल्या आणि माझ्या हातात घातल्या. मला त्या एवढ्या मोठ्या होत्या की हात वर केला की कोपरापर्यंत जायच्या.

हे मी तुझ्या बाबालासुद्धा सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तरी चालेल.

चादर एका बाजूने लाल आहे आणि उलटी केली की पांढरी. तू कुठली बाजू वर ठेवतेस?

तुझी आजी’

यातलं एक वाक्य पुन्हा पाहा: तू सांगितलंस तरी चालेल. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, कुणाला सांगू नकोस. मग थांबले. आजकाल मुलींना शाळेत शिकवतात की मोठ्या माणसाने ‘आईबाबांना सांगू नको’ म्हटलं तर आवर्जून सांगायचं, आणि ते योग्यच शिकवतात. आजीने त्याच्या उलट वागायला लावू नये. गुपित तिच्या हाती द्यायचं, कुलूप लावायचं नाही.

मोह झाला तो आईच्या वागण्याचा अर्थ सांगायचा. आईला कळलं होतं, तरी तिने मारलं नाही, मला फार लाज वाटली, वगैरे. लिहिलंही होतं. मग ती ओळ खोडून अख्खा कागद नवा घेतला. मनू बारा वर्षांची आहे, तिला आईने हात पाहिले एवढ्यावरून कळतं. खाडाखोड असलेली चिठ्ठी देऊ नका असं मी म्हणत नाही, पण खोडलेल्या ओळी मुलं उजेडाला धरून वाचतात.

शेवटचा प्रश्न मुद्दाम सोपा ठेवलाय. ‘तुला कशी वाटली गोष्ट?’ असं विचारलं की मुलीला निबंध लिहायचा आलाय असं वाटतं. लाल की पांढरी, याचं उत्तर एका शब्दात होतं. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर विणलेली असते, छापलेली नसते, म्हणून उलट्या बाजूला तीच फुलं रंग बदलून दिसतात. प्रश्न त्यातून निघाला. तुमची भेट डबा असेल, पुस्तक असेल, तर त्या वस्तूवरून असाच एखादा निघेल.

चिठ्ठी ठेवायची कुठे

माझ्या वाया गेलेल्या दोन्ही चिठ्ठ्या लिहिण्यात नाही, ठेवण्यात वाया गेल्या.

पहिली थोरल्या नातीची. ड्रेसच्या खोक्यात अगदी तळाशी ठेवली होती, आणि रंगीत कागदाबरोबर खोकंही कचऱ्यात गेलं. दोन महिन्यांनी मी फोनवर विचारलं तेव्हा कळलं की चिठ्ठी होती हेच कुणाला माहीत नव्हतं.

दुसरी शेंगाचटणीने खाल्ली. पुण्याला माणूस जातोय म्हटल्यावर आपण एकाच पिशवीत सगळं कोंबतो: चादर, कडक भाकरीचा पुडा, चटणी. चटणी दोन पिशव्यांत बांधली होती, तरी शेंगांचं तेल वाट काढतंच. कागदावर तेल लागलं की मागची-पुढची अक्षरं एकमेकांत दिसायला लागतात. चादर धुऊन निघाली, चिठ्ठी नाही. तेव्हापासून चटणीची पिशवी वेगळी, आणि ती माणसाच्या दुसऱ्या हातात. डांबरगोळ्यासुद्धा चिठ्ठीच्या घडीत टाकू नका, तो वास कागदाला महिनोन्महिने राहतो.

आता मी असं करते. कागदाच्या तीन घड्या घालते, लिहिलेली बाजू आत. बाहेर तिचं पूर्ण नाव आणि खाली ‘निवांत वाच’. जुन्या सुती साडीच्या तुकड्याची वीतभर पिशवी शिवते, चिठ्ठी तिच्यात, आणि ती पिशवी चादरीच्या पहिल्या घडीत, कोपऱ्याला दोन कच्च्या टाक्यांनी अडकवते. टाका चादरीच्या काठालाच घ्यायचा, मधल्या विणीत नाही, आणि दोरा वेगळ्या रंगाचा, म्हणजे ओढून काढायचा ते दिसतं. टाचणी नको, गंजते आणि पावसाळ्यात डाग पडतो. चादर उलगडताना पिशवी लोंबते, न दिसून चालतच नाही.

पैसे द्यायचे असतील तर वेगळ्या पाकिटात आणि ते आईच्या हाती. चिठ्ठीच्या घडीतून नोट निघाली की नोट वर येते आणि चिठ्ठी टेबलावर राहते. एकशे एक रुपयांसमोर आपली बांगड्यांची गोष्ट टिकत नाही, हे मान्य करायला थोडं जड जातं.

आणि सुनेला किंवा लेकीला आधी एक फोन करा. आत चिठ्ठी आहे, तिची ती वाचेल, तू मागू नकोस, एवढंच. न सांगता ठेवली तर औक्षण झाल्यावर पाहुण्यांच्या गर्दीत उघडली जाते. आईला माहीत असेल तर ती चादर तशीच घडीने आतल्या खोलीत नेऊन ठेवते.

उत्तरासाठी

त्याच पिशवीत मी एक कोरं पोस्टकार्ड ठेवते, माझा पत्ता पिनकोडसकट घातलेलं. मुलीला पत्ता लिहायला लावलं की कार्ड तिथेच पडून राहतं. पोस्टात पन्नास पैशांना मिळतं. म्हणजे आठ आण्यांनाच. हे माझ्या लक्षात कार्ड घेताना आलं, आणि खिडकीवरच्या पोराला मी उगाच विचारलं, आठ आण्यांत हल्ली आणखी काय मिळतं रे? तो म्हणाला, आजी, सुट्टे द्या.

उत्तराची वाट बघताना फोनवर आठवण करू नका. मनूचं कार्ड सतरा दिवसांनी आलं. मधल्या काळात तिच्याशी चारदा बोलणं झालं, मी चिठ्ठीचं नावही काढलं नाही, तिनेही नाही. कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पांढरी. आणि पाळण्यात किती वेळा बसलीस ते लिहिलंच नाहीस.’

खरंच लिहिलं नव्हतं. आठवड्याच्या आत उत्तर टाकलं, मलाही नीट आठवत नाही, पण तीनदा तरी. आणि या वेळी कार्डं दोन घेतली, एक माझ्यासाठी आणि एक कोरं.